हप्त्यांत तीन महिने सवलत मागणारं पत्र: बँकेत देण्याआधी जरा नजर टाकाल का? (घणसोली)

घणसोलीची_मीरा | १४ डिसेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वेळा फक्त वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

नवऱ्याचं मणक्याचं ऑपरेशन १२ नोव्हेंबरला झालं. तो रबाळे एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे, पगार ४६ हजार. शिल्लक रजा नोव्हेंबरमध्येच संपली आणि १ डिसेंबरपासून बिनपगारी रजा सुरू झाली. ऑपरेशनचा बराचसा खर्च मेडिक्लेममधून गेला. डॉक्टर म्हणतात फेब्रुवारीअखेर तपासू आणि मग कामावर जायचं ठरवू. माझा पगार ३८ हजार. त्यातले २४ हजार घर, शाळा, मेंटेनन्स, सासूबाईंची औषधं यात जातात.

गृहकर्जाची शिल्लक २४ लाख आहे, व्याज ९ टक्के फ्लोटिंग, हप्ता २७,३१३, अजून १४४ हप्ते बाकी. हप्ता दर ५ तारखेला कापला जातो. आजवर एकही चुकलेला नाही. हे पत्र लिहिलंय:

> माननीय शाखाधिकारी साहेब,
> विषय: कर्जाच्या हप्त्यांना मुदत मिळणेबाबत.
> मी आपल्या बँकेची गेल्या आठ वर्षांची प्रामाणिक ग्राहक आहे. आजवर आम्ही पोटाला चिमटा काढून हप्ते भरले. परंतु नियतीने आमच्यावर घाला घातला असून माझे पती अंथरुणाला खिळले आहेत. घरात दोन लहान मुले व वृद्ध सासू आहेत. अशा बिकट परिस्थितीत आम्ही जानेवारी ते मार्च हे तीन महिने हप्ता भरू शकत नाही. तरी आमच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून तीन महिन्यांचे हप्ते स्थगित करावेत ही नम्र विनंती. पती कामावर जाताच सर्व रक्कम भरू याची खात्री देते.

भाषा बरी आहे का? काही राहिलंय का?

---

कोपरीचा_बंड्या | १४ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, विनंती कशाला करता? आरबीआयने मोरॅटोरियम दिलाय, तो तुमचा हक्क आहे. सर्क्युलरचा नंबर टाका, नाही म्हणायची बँकेची बिशाद नाही. मी स्वतः सहा महिने घेतला होता.

---

वाशीवाली | १४ डिसेंबर, रात्री ११:३०

माझ्या मुलीच्या कर्जाला तर मोरॅटोरियम आपोआप मिळाला, कोर्स संपेपर्यंत आणि वर एक वर्ष. पत्रबित्र काही लिहावं लागलं नाही. तुमच्या बँकेत विचारून बघा ना.

---

पासबुक | १५ डिसेंबर, सकाळी ६:५०

नौपाड्यातून नमस्कार. बँकेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. क्रमाने बोलतो.

वाशीवाली, तुमचं शैक्षणिक कर्ज होतं. त्यात सुट्टीचा काळ करारातच लिहिलेला असतो. गृहकर्जात सहसा तसं काही नसतं.

बंड्या, तू घेतलास तो कोविडमधला. २७ मार्च २०२० ला जाहीर झाला, आधी मे अखेरपर्यंत होता, मग ऑगस्ट अखेरपर्यंत वाढवला. तो काळासाठी होता आणि काळ संपला तसा संपला. आज त्या सर्क्युलरचा नंबर पत्रात दिसला की वाचणाऱ्याला कळतं, यांनी कुणाचं तरी जुनं पत्र उतरवलंय. आज सवलत द्यायची की नाही हा बँकेचा निर्णय. म्हणून तर पत्र लिहायचं.

मीराताई, भाषा चांगली आहे, पण ती चुकीच्या माणसासाठी आहे. शाखेतला साहेब हे वाचून हळहळेल, चहासुद्धा पाजेल. मात्र निर्णय त्याच्या हातात नाही. तो वर एक टिपण पाठवणार. त्या टिपणात त्याला चार गोष्टी भराव्या लागतात: उत्पन्न कशाने थांबलं, कधी परत सुरू होणार, तोवर कर्जदार किती भरणार, आणि राहिलेलं कसं वसूल होणार. तुमच्या पत्रात पहिली अर्धी आहे, बाकीच्या तीन नाहीतच. "सर्व रक्कम भरू" म्हणजे कधी, किती? तुम्ही सांगितलं नाहीत तर तो स्वतः ठरवणार, आणि ते तुम्हाला महाग पडणार.

किती महाग ते बघा. तीन महिने काहीच भरलं नाही तर व्याज थांबत नाही, ते मुद्दलावर चढतं. २४,००,००० चे तीन महिन्यांनी सुमारे २४,५४,४०० होतात. पुढे हप्ता तोच ठेवला तर १४४ च्या जागी १५० हप्ते भरावे लागतात. म्हणजे कर्ज आजपासून १४४ महिन्यांऐवजी १५३ महिन्यांनी फिटणार. सहा हप्ते जादा, एक लाख चौसष्ट हजारांच्या घरात. तीन महिने श्वास घेतल्याची ही किंमत.

---

कोपरीचा_बंड्या | १५ डिसेंबर, सकाळी ९:१२

काका, पण तेव्हा सुप्रीम कोर्टाने व्याज परत करायला लावलं होतं की. मला पैसे आले होते खात्यात.

---

पासबुक | १५ डिसेंबर, सकाळी ९:४०

व्याजावरचं व्याज परत मिळालं, व्याज नव्हे. निकाल मार्च २०२१ चा, आणि तोही त्याच सहा महिन्यांपुरता. किती आले होते रे खात्यात?

---

कोपरीचा_बंड्या | १५ डिसेंबर, सकाळी ९:५५

आठवत नाही. गाडीचा एक सर्व्हिसिंग झाला होता त्यात. 😐

---

घणसोलीची_मीरा | १५ डिसेंबर, दुपारी १:२०

दीड लाखाच्या वर?! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं तीन हप्ते शेवटी जोडले जातात, इतकंच.

काका, मग काय करू? साठेक हजार बचत आहे. पण फिजिओ आठवड्यातून तीनदा, एका वेळचे ६००, तेही फेब्रुवारीपर्यंत चालणार. म्हणजे २१-२२ हजार तिथेच गेले.

---

दिव्यातून_रोज | १५ डिसेंबर, दुपारी १:४८ (लोकलमधून)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घरात सोनं असेल तर तारण ठेवा, चार महिन्यांत सोडवा. बँकेच्या पायऱ्या झिजवायच्या कशाला? बँकेला कळलं की आपण अडचणीत आहोत, की ती छत्री काढून घेते.

---

पासबुक | १५ डिसेंबर, दुपारी ३:३०

दिवेकरांचा मुद्दा मी नंतर घेतो, तो अगदीच टाकाऊ नाही.

ताई, आधी तुमचा हिशेब मांडू. तुमच्या पगारातून घरखर्च वजा जाता १४,००० उरतात. बचतीतून फिजिओ बाजूला काढला तर हाताशी राहतात ३८ हजार. पूर्ण हप्त्याला दरमहा १३,३१३ कमी पडतात. असे किती महिने? तुम्ही लिहिलंय जानेवारी ते मार्च. मला सांगा, नवरा १ मार्चला रुजू झाला तर पगार कधी जमा होतो?

---

घणसोलीची_मीरा | १५ डिसेंबर, दुपारी ३:४१

पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला. म्हणजे मार्चचा ७ एप्रिलला.

ओह. हप्ता ५ एप्रिलला.

---

पासबुक | १५ डिसेंबर, दुपारी ४:१५

तेच. दोन दिवसांचा घोटाळा. तुमच्या पत्राप्रमाणे सवलत मिळाली असती, आणि एप्रिलमध्ये पहिल्याच हप्त्याला तुम्ही अडखळला असता. सवलत संपल्यावर लगेच चुकलेला हप्ता बँकेला सगळ्यात जास्त खुपतो.

दुसरं टोक जानेवारी. आज १५ तारीख. पत्र वर जाणार, कागद मागवले जाणार, मध्ये नाताळ आणि वर्षअखेर. ५ जानेवारीच्या आत लेखी मंजुरी येईल असं मी तरी धरणार नाही. म्हणून जानेवारीचा हप्ता बचतीतून पूर्ण भरा आणि पत्रात तसं लिहा. मग सवलत मागायची ती फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. महिने तीनच राहिले, फक्त एक घर पुढे सरकले.

आणि तीन महिने शून्य भरायचं नाही. फक्त व्याज भरायचं. जानेवारीचा हप्ता गेल्यावर शिल्लक २३,९०,६८७ राहील, त्याचं महिन्याचं व्याज सुमारे १७,९३०. तुमच्या १४,००० वर फक्त ३,९३० बचतीतून घालायचे. जानेवारी धरून चार महिन्यांत बचतीतून २५ हजार जातात, फिजिओ वेगळा ठेवूनही हाताशी १३ हजार राहतात. कटकटीचं आहे, पण जमतं.

---

सानपाडा_लोकल | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

मध्येच घुसतो, पण हे महत्त्वाचं आहे. पत्र दिलं म्हणून खात्यात १७,९३० ठेवून निवांत बसू नका! माझ्याबाबतीत हेच झालं. शाखेतले म्हणाले "होऊन जाईल", मी कमी रक्कम ठेवली आणि ५ तारखेला नॅचने, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापणाऱ्या यंत्रणेने, पूर्ण हप्ता मागितला. बाउन्स. कर्ज देणाऱ्याने दंड लावला, जिथे पगार येतो त्या बँकेने वेगळा लावला, आणि सिबिलवर डाग पडला तो पडलाच. कापता येतील तेवढे कापून घेतील असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. पूर्ण रक्कम नसेल तर काहीच जात नाही.

---

पासबुक | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

अगदी बरोबर. आणि चिडून कुणी नॅच बंद करू नका. चेक न वटल्यावर कलम १३८ लागतं तसं याला पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे, २००७ सालचं. पत्रातच लिहा की फेब्रुवारीपासून नॅचला किती रक्कम लावायची. लेखी उत्तर हातात येईपर्यंत पूर्ण हप्त्याची तजवीज ठेवा.

---

रबाळे_शिफ्ट | १५ डिसेंबर, रात्री ११:५० (सेकंड शिफ्ट सुटल्यावर)

मीराताई, कंपनीचं पत्र घेतलंत का? एचआर "१ मार्चला रुजू होतील" असं लिहून देणार नाही, कुठल्याच कंपनीत देत नाहीत. मागायचं ते एवढंच: अमुक तारखेपासून बिनपगारी रजा मंजूर, नोकरी कायम, आणि फिटनेस सर्टिफिकेट दिल्यावर रुजू करून घेऊ. हे ते देतात, कारण खरंच आहे.

एक अजून. ऑपरेटरचं काम उभ्याने असतं, वाकून जॉब लावायचा. मणक्यानंतर डॉक्टर कधी कधी "हलकं काम" लिहितात आणि कंपनी म्हणते आमच्याकडे हलकं काम नाही. डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, फेब्रुवारीत धक्का नको.

---

घणसोलीची_मीरा | १६ डिसेंबर, सकाळी ८:१०

रबाळे शिफ्ट, तुम्ही म्हणालात ते ऐकून पोटात गोळा आला. आज विचारते डॉक्टरांना.

दुसरा मसुदा, रात्री जागून लिहिला:

> आमची अडचण तात्पुरती असून आम्ही जबाबदार कर्जदार आहोत. तरी फेब्रुवारी ते एप्रिल फक्त व्याज भरण्याची मुभा मिळावी. त्यानंतर कर्जाची मुदत तीन महिन्यांनी वाढवावी...

हे बरोबर ना?

---

शब्दवेडा | १६ डिसेंबर, सकाळी ९:३५

"मुभा" काढा, "परवानगी" लिहा. मुभा ऐकली की कुणीतरी मेहेरबानी करतंय असं वाटतं. "जबाबदार कर्जदार" हे स्वतःच स्वतःला म्हणू नये. त्याऐवजी "५ डिसेंबरपर्यंतचे सर्व हप्ते वेळेवर जमा झाले आहेत" एवढंच लिहा, ते बँकेला स्वतःच्या संगणकावर दिसतं. पहिल्या मसुद्यातली नियती आणि अंथरूण मात्र पूर्ण जाऊ द्या. "अंथरुणाला खिळले" वाचून बँक म्हणेल, हा माणूस उठणार कधी? तुम्हाला तर तो उठणार आहे हेच सांगायचंय.

आणि पत्र मराठीतच द्या. महाराष्ट्रातली शाखा आहे.

---

पासबुक | १६ डिसेंबर, सकाळी १०:२०

शब्दवेडांशी सहमत, शेवटचं सोडून. मराठीत द्याच, पण सोबत इंग्रजी प्रत जोडा. निर्णय घेणारा कुठल्या शहरात बसलाय कोण जाणे. त्याच्यासाठी शाखेतला पोरगा घाईत भाषांतर करणार, आणि "फक्त व्याज भरू" चं "हप्ता भरणार नाही" व्हायला वेळ लागत नाही.

आता मुदतवाढीबद्दल. फक्त व्याज भरलं की मुद्दल जिथल्या तिथे राहतं, त्यामुळे वेळापत्रक बरोबर तीन महिने पुढे सरकतं. पण ते तीन महिन्यांचं व्याज, ५३,७९० रुपये, कर्जाच्या एकूण भरण्यात जादाच जातं. दीड लाखापेक्षा बरं, तरी कमी नाही.

तुमची खरी तूट किती? हप्ता २७,३१३ वजा व्याज १७,९३०, म्हणजे महिन्याला ९,३८३. तीन महिन्यांचे २८,१४९. नवऱ्याचा पगार सुरू झाल्यावर घरखर्च जाऊन तुमच्याकडे साठ हजार उरतात. मग ही तूट बारा वर्षं का ओढायची? मे ते ऑक्टोबर सहा महिने हप्त्याबरोबर दरमहा ४,९०० जादा भरा. नोव्हेंबरमध्ये तुम्ही मूळ वेळापत्रकावर परत. जादा खर्च हजार रुपयांच्या आसपास.

पहिल्या मसुद्यात एक लाख चौसष्ट हजार, दुसऱ्यात चोपन्न हजार, आणि असं केलं तर हजार. बँकेच्या माणसालाही हे आवडतं, कारण त्याच्या टिपणात शेवट दिसतो.

फक्त ते ४,९०० "मुद्दलात जमा करावेत" असं स्पष्ट लिहा. नाहीतर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्याचे आगाऊ पैसे म्हणून नुसते पडून राहतात. फ्लोटिंग गृहकर्जात व्यक्तीला मुदतीआधी भरल्याचा दंड लागत नाही, तेव्हा ती भीती नको.

---

दिव्यातून_रोज | १६ डिसेंबर, दुपारी १२:०५

म्हणजे सगळा खेळ २८ हजारांचा! आता तरी पटलं का सोन्याचं? एक पाटली ठेवली की झालं.

---

घणसोलीची_मीरा | १६ डिसेंबर, दुपारी १२:३०

पाटल्या आहेत. मला चालेल. नवरा म्हणतो, "मी बसलोय म्हणून तुझ्या हातातलं काढायचं नाही." त्यावर आमचं काल भांडण झालंय, तेव्हा तो विषय सध्या बाजूला. 🙏

---

पासबुक | १६ डिसेंबर, दुपारी ४:४५

घरातलं घरात. पण दिवेकरांचा मुद्दा नंतर घेतो म्हणालो होतो, तो आता घेतो, कारण या पत्राची खरी गोम तिथेच आहे.

कर्जदार अडचणीत आहे म्हणून हप्ता, रक्कम किंवा मुदत बदलली, तर आरबीआयच्या नियमात त्याला पुनर्रचना म्हणतात. २०१९ च्या जूनमधल्या चौकटीत तसं लिहिलं होतं. आणि वेळेवर चालणाऱ्या खात्याची पुनर्रचना झाली की ते खाते खालच्या वर्गात जातं. मग सिबिलवर "रिस्ट्रक्चर्ड" असा शेरा येतो. हप्ता एकही न चुकवता तो शेरा लागला, तर पुढे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवताना किंवा गाडी घेताना आडवा येतो. शाखेतले साहेब असं पत्र बघून कचरतात ते याच्याचमुळे, सहानुभूती नसते म्हणून नव्हे.

म्हणून पत्रात विचारायचंच: हा बदल पुनर्रचना म्हणून नोंदवणार का? आणि आमची लेखी संमती मिळेपर्यंत अंमल करू नये. उत्तर "हो" आलं तर मग २८ हजार दुसरीकडून उभे करणं स्वस्त पडेल का, ते तेव्हा दोघांनी बसून ठरवा.

---

सानपाडा_लोकल | १६ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

काका, माझ्या मेव्हण्याला तर तीन महिने हप्ता कमी करून दिला होता. सिबिलवर काहीही आलं नाही. मी स्वतः रिपोर्ट पाहिला.

---

पासबुक | १६ डिसेंबर, संध्याकाळी ६:५८

शक्य आहे. कधी करारातच लवचिक हप्त्याची सोय असते, कधी आधी जादा भरलेले पैसे असतात आणि त्यातून वळते करतात. मेव्हण्यांचं काय होतं, कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण मीराताईंनी त्यांच्या भरवशावर राहू नये.

---

क्रेडिट_सोसायटी_कळवा | १६ डिसेंबर, रात्री ९:१५

आमच्या पतसंस्थेत सभासदाने असं पत्र दिलं की संचालक मंडळासमोर ठेवतात, दहा मिनिटांत निकाल. बँकांचं उगाच अवडंबर. आणि नाही ऐकलं तर ओम्बड्समनकडे जा ना सरळ.

---

पासबुक | १६ डिसेंबर, रात्री ९:४०

पतसंस्था सहकार निबंधकाखाली, बँक आरबीआयखाली. दोघांची तुलना नको. ओम्बड्समनकडे जायच्या आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि तीस दिवसांची वाट पाहणं आलंच, मग cms.rbi.org.in वर. पण सवलत द्यायचीच असं ओम्बड्समन बँकेला सांगू शकत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय. पत्राला उत्तरच दिलं नाही, किंवा कबूल करून भलताच दंड लावला, तर ती तक्रार.

---

घणसोलीची_मीरा | १७ डिसेंबर, रात्री ११:१८

डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, फेब्रुवारीअखेर कामावर जाण्यास हरकत दिसत नाही, पण पहिले सहा आठवडे दहा किलोच्या वर उचलायचं नाही. तसं लिहून दिलंय. कंपनीचे सुपरवायझर म्हणाले, उचलायला हेल्पर देऊ. एचआरचं पत्र रबाळे शिफ्टनी सांगितलं तसंच मिळालं, शब्दाला शब्द.

आता हे शेवटचं. उद्या देणार.

> प्रति, शाखा व्यवस्थापक, घणसोली शाखा, नवी मुंबई
>
> विषय: गृहकर्ज खाते क्र. ........ : फेब्रुवारी, मार्च व एप्रिल या तीन महिन्यांत फक्त व्याज भरण्याची परवानगी आणि तूट भरून काढण्याचे वेळापत्रक
>
> महोदय,
>
> वरील कर्ज आम्हा दोघांच्या नावे आहे. ५ डिसेंबरपर्यंतचे सर्व हप्ते वेळेवर जमा झाले आहेत. ५ जानेवारीचा ₹ २७,३१३ चा हप्ताही आम्ही पूर्ण भरणार आहोत.
>
> सहकर्जदार, माझे पती, यांच्या मणक्यावर १२ नोव्हेंबर रोजी शस्त्रक्रिया झाली. १ डिसेंबरपासून ते बिनपगारी रजेवर आहेत. त्यांची नोकरी कायम आहे. डॉक्टरांच्या मते फेब्रुवारीअखेर ते कामावर जाऊ शकतील. १ मार्चला रुजू झाल्यास त्यांचा पहिला पूर्ण पगार ७ एप्रिलला जमा होईल. तोपर्यंत घरात फक्त माझा ₹ ३८,००० पगार आहे.
>
> म्हणून आम्ही पुढीलप्रमाणे भरणा करू इच्छितो:
> ५ फेब्रुवारी, ५ मार्च, ५ एप्रिल: फक्त व्याज, दरमहा सुमारे ₹ १७,९३०
> ५ मे ते ५ ऑक्टोबर: नेहमीचा हप्ता ₹ २७,३१३ आणि दरमहा जादा ₹ ४,९००, जो मुद्दलात जमा करावा
> ५ नोव्हेंबरपासून: नेहमीप्रमाणे. कर्जाची मुदत वाढवू नये.
>
> मंजुरी दिल्यास फेब्रुवारी ते एप्रिल नॅचद्वारे फक्त व्याजाची रक्कम घ्यावी. १ मार्चला रुजू होता आले नाही तर ५ मार्चपर्यंत आम्ही लेखी कळवू.
>
> हा बदल पुनर्रचना म्हणून नोंदवला जाणार असेल किंवा सिबिल अहवालात दिसणार असेल, तर आधी लेखी कळवावे आणि आमची लेखी संमती मिळेपर्यंत अंमल करू नये. ५ फेब्रुवारीच्या हप्त्याआधी उत्तर मिळावे ही विनंती.
>
> सोबत: डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचे पत्र, कंपनीचे रजेचे पत्र, माझी तीन महिन्यांची पगारपत्रके, दोघांच्या खात्यांचे सहा महिन्यांचे उतारे, या पत्राची इंग्रजी प्रत.
>
> आपले, (दोघांच्या सह्या)

---

शब्दवेडा | १८ डिसेंबर, सकाळी ७:२५

एकही शब्द हलवायचा नाही. "भरणा करू इच्छितो" हे मला जड वाटतं, पण बँकेला तेच आवडतं.

---

पासबुक | १८ डिसेंबर, सकाळी ७:४०

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हलू नका. त्याच दिवशी तेच पत्र नोंदणीकृत ईमेलवरून बँकेला पाठवा.

---

कोपरीचा_बंड्या | १८ डिसेंबर, सकाळी ८:३०

ताई ऑल द बेस्ट. माझ्या मालाडच्या भावाला हे पत्र पाठवतोय, त्याचं पण असंच चाललंय. तो नोकरीच सोडून बसलाय, तरी चालेल ना?

---

पासबुक | १८ डिसेंबर, सकाळी ८:५२

नाही चालणार. रुजू व्हायची तारीख नाही, तर हे वेळापत्रक नुसतं आकड्यांचं. त्याचा वेगळा धागा काढ.

---

घणसोलीची_मीरा | २३ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

अपडेट. १८ ला पत्र दिलं, शिक्का मिळाला (पहिल्यांदा "ठेवून जा"च म्हणाले होते!). आज फोन आला. साहेब म्हणाले, पत्र वर पाठवलंय, वेळापत्रक दिल्यामुळे टिपण लिहायला सोपं गेलं. मी सिबिलचं विचारलं, तर म्हणाले, "नाही हो, एवढ्यासाठी काही लागत नाही." मी म्हटलं, तेवढं ईमेलवर द्या. तर म्हणाले, "वरून आलं की सांगतो."

जानेवारीचा हप्ता खात्यात बाजूला काढून ठेवलाय. बाकी अजून काहीच ठरलेलं नाही.

---

पासबुक | २३ डिसेंबर, संध्याकाळी ७:३३

फोनवरचं "नाही हो" कागदावर येईपर्यंत फेब्रुवारीला पूर्ण हप्ता धरूनच चाला. १५ जानेवारीपर्यंत काही आलं नाही तर जुन्या पत्राचा आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या.

---

घणसोलीची_मीरा | २३ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०

आवक क्रमांक? शिक्क्यावर फक्त तारीख आहे.

उद्या परत जाते. फिजिओ साडेचारला, त्याआधी होईल.